लंबर स्पाइनचा एक्स-रे रिपीट होऊ नये म्हणून: पोझिशनिंग आणि कॉलिमेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन जॉइन झालेल्या रेडिओग्राफर मुलामुलींकडून लंबर स्पाइनबद्दल, त्यातही लॅटरल व्ह्यूबद्दल, जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. मुद्दाम एकाच तपासणीवर थांबलोय. शेवटी हे वाचून उद्या टेबलावर हात कुठे ठेवायचा, लाइट किती उघडायचा एवढं तरी पक्कं कळलं पाहिजे.

सगळं सोडून लंबर लॅटरलच का?

कारण साध्या एक्स-रेमध्ये हा जड एक्सपोजर आहे, आणि रिपीट होण्याची कारणंही यात भरपूर. चेस्ट पीएचा इफेक्टिव्ह डोस साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट धरतात आणि लंबर स्पाइनच्या तपासणीचा साधारण १.५ मिलिसीव्हर्ट. पेशंट, मशीन, टेक्निक यानुसार आकडा बदलतो, पण अंतर किती मोठं आहे ते लक्षात येईल. त्यात लॅटरलला बीम शरीराच्या सगळ्यात रुंद बाजूने जातो म्हणून केव्ही आणि एमएएस दोन्ही वाढवावे लागतात. म्हणजे बोटाचा एक्स-रे रिपीट करणं आणि हा रिपीट करणं सारखं नाहीच.

माझ्या लॅटरलमध्ये वरच्या डिस्क स्पेस उघड्या येतात पण एल४-एल५ आणि एल५-एस१ बंद दिसतात, काय चुकतंय?

बहुतेक वेळा मणका टेबलाला समांतर नसतो. पेशंट कुशीवर झोपला की नितंब रुंद आणि कंबर बारीक, त्यामुळे कंबर खाली झोळ खाते आणि मणका पेल्व्हिसकडे वर चढतो. तुमचा बीम सरळ खाली येतोय पण डिस्कची फट तिरकी झालेली आहे, मग ती उघडी दिसणार कशी. रुंद पेल्व्हिस असलेल्या पेशंटमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, हे जास्त होतं.

इमेजवर ओळखायचं कसं तर दोन्ही इलियाक क्रेस्ट बघा. एकावर एक नीट बसल्या असतील तर टिल्ट नाही, एक वर आणि एक खाली अशी दिसली तर टिल्ट आहे. शिवाय मणक्यांच्या एंड प्लेट एका रेघेत न दिसता लंबगोल दिसतात. पण हे झालं एक्सपोजर दिल्यानंतरचं. त्याआधी ओळखायची सोय आपल्या हातातच आहे: पेशंटच्या पाठीमागे उभे राहा, स्पायनस प्रोसेसवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा आणि ती रेघ टेबलाला समांतर जातेय का ते थोडं खाली वाकून बघा. दहा सेकंदांचं काम आहे. पेशंटला आधी सांगून मगच हात लावायचा, हे वेगळं सांगायला नको.

मग स्पंज लावू का ट्यूब अँगल करू?

आधी स्पंज. कमरेच्या पोकळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि इलियाक क्रेस्ट यांच्या मधे, रेडिओल्युसंट स्पंज सरकवायचा आणि परत बोट फिरवून बघायचं. खूप जाड घातला तर मणका उलटा वर फुगतो, तेव्हा जाडी पेशंट बघून ठरवायची. मला स्पंज जास्त आवडतो कारण बीम सरळ राहतो आणि सेंटरिंग, ग्रिड, डिटेक्टर यांचं गणित बिघडत नाही.

स्पंज नसेल किंवा लावूनही रेघ सरळ होत नसेल तर ट्यूब पायाकडे, म्हणजे कॉडल अँगल करतात, पुरुषांना साधारण ५ अंश आणि बायकांना साधारण ८ अंश असं शिकवतात. अँगल केला की बीम डिटेक्टरवर पायाकडे सरकून पडतो, म्हणून डिटेक्टर परत सेंटर करायचा, नाहीतर खालचा भाग कापला जातो आणि एक रिपीट वाचवायला गेलो तर दुसराच पदरात पडतो.

स्कोलिओसिस असेल तर वेगळा विचार आहे. मणक्याचा फुगीर बाजूचा बाक खाली, टेबलाकडे येईल अशा कुशीवर झोपवा. बीम पसरत जातो ना, मग बाकाच्या दिशेशी त्याचा मेळ बसतो आणि फटी जास्त उघड्या दिसतात.

रोटेशन आहे का टिल्ट आहे हे गोंधळायला होतं. फरक कसा ओळखायचा?

टिल्टमध्ये फटी बंद होतात आणि क्रेस्ट वरखाली होतात, ते वर सांगितलं. रोटेशनमध्ये मणक्याच्या बॉडीची मागची कड डबल दिसते, एक रेघ असायला हवी तिथे दोन दिसतात. मागच्या बरगड्याही एकमेकींवर न बसता पुढेमागे होतात. त्यातली मोठी दिसणारी बरगडी डिटेक्टरपासून लांबची, म्हणजे वरच्या कुशीची. ती मागे गेलेली असेल तर पेशंटची वरची बाजू मागे कलंडलीय, पुढे गेली असेल तर पुढे. रिपीट करायचीच वेळ आली तर कुठल्या दिशेला किती वळवायचं ते इथून कळतं, अंदाजाने हलवून दुसरी चूक करायची गरज नाही.

रोटेशन टाळायला दोन गोष्टी पुरतात. गुडघे दुमडून त्यांच्या मधे उशी किंवा पॅड द्या, कारण वरचा पाय पुढे घसरला की पेल्व्हिस त्याच्यासोबत वळतंच. आणि दोन्ही हात पुढे, छातीला काटकोनात. मग खांदे आणि पेल्व्हिस दोन्ही ठिकाणी पाठ टेबलाला काटकोनात आहे का बघा. फक्त खांदे बघून समाधान मानू नका, कंबरेच्या खाली बऱ्याचदा वेगळीच गोष्ट चालू असते.

सेंटरिंग नक्की कुठे? मणका मधोमध असतो असं वाटतं पण इमेजवर तो मागेच जातो.

बरोबर निरीक्षण आहे. पोट पुढे जितकं मोठं तितका तुमचा ‘मधोमध’ पुढे सरकतो पण मणका तिथेच राहतो. म्हणून पोट आणि पाठ यांचा मध्य काढू नका, पाठीपासून मोजा. तिसऱ्या लंबर मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून साधारण ७.५ सेंमी पुढे, शेवटच्या बरगडीच्या खालच्या कडेच्या पातळीवर, हा भरवशाचा पॉइंट आहे. इलियाक क्रेस्ट हाताला लागते ती साधारण एल४-एल५ची पातळी, तिथून सुमारे ४ सेंमी वर गेलात तरी एल३वर येता. जाड पेशंटमध्ये पाठीवरची चरबी लक्षात घेऊन थोडं पुढे जायला लागतं, म्हणून स्पायनस प्रोसेस हाताला लागेपर्यंत शोधा, कातडीच्या कडेवरून अंदाज नको.

यात एइसीचं काय? चेंबर लावला की एक्सपोजर आपोआप बरोबर येत नाही का?

चेंबरवर जे पडतं तेवढंच त्याला कळतं. मधला चेंबर मणक्याखाली असेल तर एक्सपोजर बरोबर. सेंटरिंग मागे गेलं आणि चेंबर पाठीच्या मऊ भागाखाली किंवा थेट बीममध्ये आला, तर त्याला वाटतं भरपूर रेडिएशन आलं, तो लवकर बंद करतो आणि मणका दाणेदार, नॉइझी येतो. उलट कॉलिमेशन इतकं घट्ट केलं की चेंबरचाच भाग बाहेर गेला, तर त्याला कमी मिळतं आणि तो एक्सपोजर लांबवत बसतो. डिजिटलमध्ये इमेज तरीही छान दिसते, डोस मात्र जास्त गेलेला असतो.

आणखी एक, पेशंटच्या पाठीमागे टेबलावर लेड रबरची शीट ठेवा, लाइटच्या मागच्या कडेला लागून, कणा झाकला जाणार नाही अशी. पाठीच्या बाहेर सांडणारा बीम आणि टेबलावरून येणारा स्कॅटर ती अडवते, त्यामुळे इमेजही स्वच्छ येते आणि चेंबरही फसत नाही. लॅटरल लंबरमध्ये ही शीट कोपऱ्यात धूळ खात पडलेली दिसते तेव्हा खरंच वाईट वाटतं.

कॉलिमेशन किती ठेवायचं? लाइट अंगावर इतका छोटा दिसतो की कापलं जाईल अशी भीती वाटते.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नवीन मुलं फिल्ड उघडं ठेवतात त्याचं खरं कारणही हेच. अंगावर दिसणारा लाइट म्हणजे डिटेक्टरवरचा फिल्ड नव्हे. बीम पसरत खाली जातो, त्यामुळे कातडीवर तो लहानच दिसणार.

आकड्यात बघू. एफएफडी १०० सेंमी. पेशंट कुशीवर झोपल्यावर त्याची उंची ३० सेंमी, आणि टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापासून डिटेक्टर ८ सेंमी खाली. म्हणजे वरची कातडी फोकसपासून १०० वजा ३८, ६२ सेंमीवर. तुम्ही डायलवर १८ बाय ४० सेंमी ठेवलं असेल तर कातडीवर लाइट दिसेल त्याच्या ०.६२ पट, म्हणजे साधारण ११ बाय २५. मणका यांच्या मधे कुठेतरी, टेबलापासून १५ सेंमी वर धरला तर फोकसपासून ७७ सेंमीवर. तिथे तोच फिल्ड जवळपास १४ बाय ३१ सेंमी आहे.

आता मणका किती जागा घेतो बघा. बॉडीच्या पुढच्या कडेपासून स्पायनस प्रोसेसच्या टोकापर्यंत ८ ते ९ सेंमी, त्यात लॉर्डोसिसच्या बाकामुळे पुढेमागे ३-४ सेंमी धरा. १४ सेंमीत ते बसतं, सेंटरिंग नीट असलं तर. टी१२ पासून सेक्रमच्या वरच्या भागापर्यंत साधारण २५ सेंमी, तेही ३१ मध्ये आरामात. म्हणून अंगावर ११ सेंमीची पट्टी बघून घाबरायचं कारण नाही. डायलवरचा आकडा ज्या एफएफडीसाठी आहे त्याच एफएफडीवर ट्यूब आहे ना, एवढं मात्र आधी बघा.

मग सगळ्यांना १८ बाय ४०च का?

नाही. बारीक पेशंटला रुंदी १५ सुद्धा चालते, खूप बाक असेल किंवा स्कोलिओसिस असेल तर वाढवावी लागते. लाइट आणि खरा एक्स-रे फिल्ड यांच्यात थोडा फरक असू शकतो, एफएफडीच्या २ टक्क्यांपर्यंत सहसा मान्य धरतात, म्हणजे १०० सेंमीला २ सेंमी. तुमच्या मशीनचा लाइट एका बाजूला सरकलेला असेल तर मार्जिन वाढवत बसू नका, क्यूए करणाऱ्यांना सांगून तो दुरुस्त करून घ्या, कारण मार्जिनचा डोस प्रत्येक पेशंटला जातो.

नंतर स्क्रीनवर क्रॉप केलं तर चालत नाही का?

नाही. क्रॉप केल्याने इमेज लहान दिसते, पेशंटला गेलेलं रेडिएशन परत येत नाही. उघड्या फिल्डमुळे जो स्कॅटर झाला त्याने कॉन्ट्रास्ट आधीच मारलेला असतो. त्यात क्रॉप करून टाकलेल्या भागात काही सापडण्यासारखं असेल तर रेडिओलॉजिस्टला ते दिसणारच नाही. एक्सपोजर दिलेला भाग त्यांना दिसलाच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

घट्ट कॉलिमेशनने फरक खरंच किती पडतो?

३५ बाय ४३ चा पूर्ण फिल्ड म्हणजे १५०५ चौरस सेंमी. १८ बाय ४० म्हणजे ७२०. तेच केव्ही-एमएएस धरले तर डोस-एरिया प्रॉडक्ट, म्हणजे कन्सोलवरचा डीएपी, साधारण ४८ टक्क्यांवर येतो. कातडीवरच्या एका बिंदूला जाणारा डोस तसाच राहतो, पण पोटातले जे अवयव फिल्डच्या बाहेर गेले त्यांना थेट बीम लागत नाही, आणि नवीन मुलांना हेच पटकन लक्षात येत नाही.

फिल्ड लहान झाला की स्कॅटर कमी होतो, तो डिटेक्टरपर्यंत कमी पोचतो, म्हणून मॅन्युअलमध्ये कधी कधी एमएएस थोडा वाढवायला लागतो. वाढवा, थोडा. एकूण हिशोब तरीही पेशंटच्याच बाजूने राहतो आणि कॉन्ट्रास्ट सुधारतो तो वेगळाच.

एखादी केस पूर्ण सांगाल का?

नेहमी भेटणारी केस घेऊ. मध्यमवयीन बाई, जुनी कंबरदुखी, मार लागलेला नाही, नितंब रुंद आणि कंबर बारीक. नवीन रेडिओग्राफरने कुशीवर झोपवलं, स्पंज नाही, लाइट पूर्ण उघडा, सेंटरिंग पोट-पाठीच्या मध्यावर. इमेजमध्ये मणका मागच्या कडेला गेलेला, एल४-एल५ आणि एल५-एस१ बंद, इलियाक क्रेस्टमध्ये जवळपास ३ सेंमीचं अंतर, आणि अख्ख्या इमेजवर राखाडी धुकं. बॉडीच्या मागच्या कडा मात्र एकच रेघ आहेत. म्हणजे रोटेशन नाही, फक्त टिल्ट, हे आधी ठरवायचं. पाठ फिरवायची नाही, कंबर उचलायची.

असा पेशंट पहिल्यांदाच नीट करायचा तर क्रम असा: गुडघे दुमडून मधे पॅड, कमरेखाली स्पंज, बोट फिरवून रेघ समांतर, स्पायनस प्रोसेसपासून ७.५ सेंमी पुढे सेंटर, १८ बाय ४०, मागे लेड शीट, श्वास सोडून थांबवून एक्सपोजर. डीएपीच्या भाषेत, उघडे दोन एक्सपोजर, पहिला आणि त्याचा रिपीट, म्हणजे ३०१० चौरस सेंमीचा हिशोब आणि हा एक म्हणजे ७२०, साधारण चौथा भाग. वेळ किती जास्त लागला? स्पंज शोधायला लागतो तेवढाच.

पहिला काढला आणि फक्त एल५-एस१ बंद आलं, तर पूर्ण लॅटरल रिपीट करू?

आधी थांबा आणि रेडिओलॉजिस्टला किंवा सीनियरला विचारा की क्लिनिकल प्रश्नाचं उत्तर या इमेजमध्ये मिळतंय का. मिळत असेल तर इमेज सुंदर नाही एवढ्यासाठी रिपीट नको. एल५-एस१ हवंच असेल तर तेवढाच कोन्ड व्ह्यू घ्या, सेंटर इलियाक क्रेस्टच्या ४ सेंमी खाली आणि एएसआयएसच्या ५ सेंमी मागे, फिल्ड छोटा. हा जागेवरचा व्ह्यूही जड एक्सपोजर आहे कारण पेल्व्हिसच्या सगळ्यात जाड भागातून जातो, म्हणून ‘सवयीने तिसरा व्ह्यू’ म्हणून काढू नका.

एपीमध्ये काय सांभाळायचं?

गुडघे आणि हिप दुमडून पाय टेबलावर टेकवा, लॉर्डोसिस कमी होतो आणि फटी उघडतात. रोटेशन बघायला स्पायनस प्रोसेस दोन्ही पेडिकलच्या मधोमध आहे का ते बघा. अंतर सारखं नसेल तर ज्या बाजूला जास्त अंतर ती बाजू डिटेक्टरच्या जवळ, म्हणजे पेशंट त्या बाजूला कललाय.

पालथं झोपू शकणाऱ्या पेशंटला पीए घेणं हा चांगला पर्याय आहे, पोट दाबलं जातं, पुढच्या बाजूच्या अवयवांना डोस कमी जातो आणि लॉर्डोसिसचा बाक पसरत्या बीमशी जुळतो म्हणून फटीही उघड्या दिसतात. मणका डिटेक्टरपासून थोडा लांब जातो, मोठा दिसतो, तो तोटा आहे. तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल काय म्हणतो ते आधी विचारा, स्वतःहून बदलू नका.

मार लागलेल्या पेशंटलाही हेच?

नाही! फ्रॅक्चरची शंका असेल तर कुशीवर वळवायचं नाही, गुडघे दुमडायला लावायचे नाहीत. पेशंट पाठीवरच ठेवून हॉरिझॉन्टल बीम लॅटरल, किंवा डॉक्टर सांगतील ते. वरचं सगळं हलू शकणाऱ्या पेशंटसाठी आहे.

गोनाड शील्ड लावू की नको?

अमेरिकेतल्या एएपीएम या संस्थेने २०१९ मध्ये आणि तिथल्याच एनसीआरपीने २०२१ मध्ये नेहमीच्या वापरातून गोनाड शील्ड काढायचा सल्ला दिला. कारण सरळ आहे, शील्ड जागा चुकली की हवा तो भाग झाकते आणि रिपीट होतं, आणि चेंबरवर आली तर एइसी डोस वाढवतो. घट्ट कॉलिमेशन आणि पहिल्याच वेळेला नीट पोझिशन हे जास्त कामाचं. तुमच्या देशाचा नियम किंवा विभागाचं धोरण वेगळं असेल तर तेच पाळायचं. प्रेग्नन्सीची चौकशी मात्र शील्ड असो नसो, प्रत्येक वेळी.

इमेज छान दिसतेय, तरी डीआय का बघायचा?

कारण डिजिटलमध्ये जास्त एक्सपोजर दिसत नाही, नॉइझ कमी झाल्याने उलट इमेज जास्तच आवडते. डीआय म्हणजे डेव्हिएशन इंडेक्स, मिळालेला एक्सपोजर इंडेक्स EI हा टार्गेट EIT पासून किती दूर आहे ते तो सांगतो. फॉर्म्युला असा:

```
DI = 10 × log10(EI / EIT)
```

शून्य म्हणजे टार्गेटवर, +३ म्हणजे जवळपास दुप्पट, -३ म्हणजे निम्मं. पण लॅटरल लंबरमध्ये डीआय वाचताना कॉलिमेशन आठवा. फिल्ड पाठीबाहेर सांडलेला असेल किंवा सॉफ्टवेअरने कडा चुकीच्या ओळखल्या असतील तर आकडा भरकटतो. म्हणून आधी सेंटरिंग आणि फिल्डच्या कडा बघा, मग डीआयवर विश्वास ठेवा. आणि डीआय +३ आला म्हणून चांगली इमेज फेकून रिपीट करू नका, डोस गेला तो गेला, पुढच्या पेशंटला टेक्निक सुधारा.

घट्ट कॉलिमेशन केलं की साइड मार्कर बाहेर जातो, काय करू?

मार्कर लाइटच्या आत, पोटाच्या बाजूच्या पुढच्या कडेला लावा, मणक्याच्या मागे नको कारण तिथे लेड शीट आणि स्पायनस प्रोसेस दोन्ही असतात. मार्करसाठी फिल्ड मोठा करू नका. आणि मार्कर फिल्डबाहेर गेला एवढ्याच कारणासाठी एक्सपोजर रिपीट करायचं नसतं, इमेजवर बाजू डिजिटली लिहा, विभागाच्या पद्धतीप्रमाणे नोंद करा, आणि पुढच्या पेशंटला तो आतल्या कडेला चिकटवा.